पहिलं वाक्य मी देते, तीन शब्दही देते. पण शब्द गोष्टीत मुरतच नाहीत

काठपदर

मी प्रौढांना मराठी शिकवते. सध्याचा वर्ग मध्यम पातळीचा आहे. म्हणजे रोजचं बोलणं जमतं, भूतकाळ वापरता येतो, पण सलग लिहायला बसलं की हात थबकतो. अकरा जण आहेत आणि प्रत्येकाची मातृभाषा वेगळी. मागच्या आठवड्यात त्यांना हा अभ्यास दिला:

पहिलं वाक्य: घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं.
तीन शब्द: किल्ली, ओला, उशीर.
दीडशे ते दोनशे शब्दांत गोष्ट पूर्ण करा. वेळ चाळीस मिनिटं.

एका विद्यार्थ्याला विचारून त्याची गोष्ट जशीच्या तशी इथे देते आहे:

> घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. मी घाबरलो. बाहेर पाऊस होता म्हणून माझा शर्ट ओला होता. आज कामावर मला उशीर झाला होता. माझी किल्ली खिशात होती. मी आत गेलो. मी सगळ्या खोल्या बघितलो. कोणीच नव्हतं. मी कपाट बघितलो. काहीच गेलं नव्हतं. मी फोन हातात घेतलो. तेवढ्यात मला जाग आली. ते सगळं स्वप्न होतं.

व्याकरण मी तपासेनच. माझी अडचण वेगळी आहे. तिन्ही शब्द लागोपाठच्या तीन वाक्यांत आले आणि संपले. पुढच्या गोष्टीला त्यांचा काही उपयोग नाही. अकरापैकी सात जणांनी हेच केलं आणि चौघांची गोष्ट स्वप्नावर संपली. त्यांना नेमकं काय सांगावं म्हणजे शब्द गोष्टीचे होतील? "शब्द नीट गुंफा" असं सांगून पाहिलं, पण त्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

ठिपका

शब्द चुकलेत असं मला वाटतं. किल्ली हातात धरता येते. उशीर हातात धरता येत नाही, ओला तर नुसतं विशेषण. या पातळीवर तिन्ही शब्द वस्तूंचे द्या: किल्ली, छत्री, पत्र. वस्तू आली की गोष्टीत काहीतरी घडतंच. शिवाय नियम करून टाका, प्रत्येक परिच्छेदात एकच शब्द. मग गर्दी होणारच नाही.

पाटीपुस्तक

माझ्या मुलीलाही परीक्षेत कथालेखन असतं. तिच्या बाईंनी सांगितलंय की शीर्षक दिलं नाही तर गुण जातात आणि शेवटी तात्पर्य लिहायचंच. तुमच्या विद्यार्थ्याने दोन्ही लिहिलेलं नाही. आधी ते करून घ्या. "संकटात धीर सोडू नये" असं तात्पर्य इथे बसेल.

काठपदर

पाटीपुस्तक, हा शाळेचा वर्ग नाही आणि गुणही नाहीत. ही माणसं कामधंदा सांभाळून मराठी शिकतायत. तात्पर्य मी मुद्दामच मागत नाही. ते लिहायचं आहे म्हटलं की सगळी गोष्ट त्या एका वाक्याकडे धावत सुटते.

ठिपका, परिच्छेदाचा नियम मी आधीच्या वर्गात करून पाहिला होता. शब्द लांब लांब गेले, पण निरुपयोगी ते निरुपयोगीच राहिले.

जुनी वही

मीही बरीच वर्षं असे वर्ग घेतले. तुमच्या विद्यार्थ्याची गोष्ट मी तीनदा वाचली. तिच्यात एक गोष्ट फार चांगली आहे आणि ती त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलेली नाही. दार उघडं आहे आणि किल्ली याच्या खिशात आहे. मग दार उघडलं कुणी? गोष्ट तिथेच सुरू होत होती. पण तो शब्द वापरून झाला म्हणून पुढे निघून गेला.

आता तिन्ही शब्द कोणाचे आहेत बघा. *माझा* शर्ट ओला, *मला* उशीर, *माझी* किल्ली. तिन्हींचा मालक एकच. सांगणारा माणूस स्वतःचंच वर्णन करत बसलाय, त्यामुळे घरात दुसरं कोणी येऊच शकत नाही. दुसरं माणूस नाही, म्हणून घडायलाही काही नाही. आणि काही घडलं नाही की गोष्ट संपवायला स्वप्नच उरतं. चौघांना आळस आला म्हणून ते स्वप्नाकडे गेले असं नाही. त्यांच्या गोष्टीला दुसरी वाटच नव्हती.

मी वर्गात एवढंच सांगायचो: एका तरी शब्दाचा मालक बदला. मग प्रश्न आपोआप पडतात. या दाराच्या किल्ल्या किती आणि दुसरी कोणाकडे? ओलं काय आहे, याचा शर्ट की घरातली एखादी वस्तू? उशीर याला झालाय की याची वाट बघणाऱ्याला? उत्तरं मी देत नसे. विद्यार्थ्याने तोंडी दिली की लगेच कागदावर उतरवायला लावायचो.

तपासायला एक सोपी रीत आहे. शब्द असलेलं वाक्य हाताने झाकायचं आणि पुढचं वाचायचं. वरच्या गोष्टीतली ती तिन्ही वाक्यं झाका, कुठेही काही अडत नाही. म्हणजे ते शब्द गोष्टीत नव्हतेच. हे विद्यार्थ्याला स्वतःला करून पाहता येतं, समजावून सांगावं लागत नाही.

आणि ठिपका, वस्तू घेतली तरी हेच होतं. "माझ्या हातात छत्री होती. खिशात पत्र होतं." उलट उशीर हा फार कामाचा शब्द आहे, कारण उशीर म्हटलं की कोणीतरी वाट बघणारं आलंच.

परकी पाहुणी

नमस्कार. मी स्वतः मराठी शिकते आहे, तिसरं वर्ष. आमच्या वर्गातही असाच अभ्यास असतो. आम्ही असं का करतो ते सांगते.

तीन शब्द फळ्यावर दिसले की मला भीती वाटते. वेळ संपला आणि एक शब्द राहिला तर? म्हणून मी ते सुरुवातीलाच वापरून टाकते. मग मोकळं वाटतं. पण मोकळं वाटल्यावर काय लिहायचं ते समजत नाही.

दुसरी गोष्ट. मी बाई आहे. "घरी पोचलो" असं वाक्य दिलं तर मी पुढे "मी घाबरले" लिहिते, कारण मी नेहमी तसंच बोलते. मग बाई लाल खूण करतात. गोष्टीतला "मी" पुरुष आहे हे माझ्या लक्षातच राहत नाही.

काठपदर

पाहुणी, हे वाचून मी माझ्या वह्या पुन्हा काढल्या. वर्गात सहा बायका आहेत. त्यातल्या चौघींनी पहिल्या वाक्यानंतर "गेले, घाबरले, म्हणाले" असंच लिहिलंय आणि मी ती चूक धरली होती. खरं तर चूक माझ्या वाक्यात होती. "पोचलो" एवढ्या एका रूपाने सांगणारा पुरुष ठरून गेला.

अनुस्वार

मग पहिलं वाक्य बदला. "घराचं दार उघडंच होतं" एवढंच द्या. ज्याला "गेलो" लिहायचं तो "गेलो" लिहील, जिला "गेले" लिहायचं ती "गेले" लिहील, ज्याला "तो" घ्यायचाय तो "तो" घेईल.

व्याकरणाचंही सांगतो. "मी खोल्या बघितलो" ही चूक तीनदा आली आहे, ती नंतरसाठी ठेवू नका. नियम सोपा आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला "ने" लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. त्याने खोल्या बघितल्या, त्याने फोन घेतला, त्याने किल्ली विसरली. हा एक नियम घोटून घेतला की गोष्टी निम्म्याहून जास्त सुधारतील.

जुनी वही

अनुस्वार, पहिली दोन बरोबर, तिसरं नाही. मराठीत "तो किल्ली विसरला" आणि "ती किल्ली विसरली". विसरणे सकर्मक आहे, तरी कर्त्याला ने लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. म्हणणे, बोलणे, शिकणे, जेवणे, पिणे ही त्यातलीच. तो म्हणाला, पण त्याने सांगितलं. ती पाणी प्याली, पण तिने पाणी ओतलं.

आणि या अभ्यासात हे टाळता येत नाही, कारण किल्ली हा शब्द दिला की निम्मा वर्ग ती विसरणार आणि उरलेला ती हरवणार. "मी किल्ली विसरलो", पण "मी किल्ली हरवली". दोन वाक्यं शेजारी लिहून ठेवा. त्यातही "मी" हा सगळ्यात फसवा कर्ता, कारण त्याला ने कधी दिसतच नाही. "त्याने" म्हटलं की कानाला इशारा मिळतो आणि पुढे "बघितल्या" आपसूक येतं. "मी" म्हटलं की तो इशारा नाही, म्हणून "मी खोल्या बघितलो" सुटतं. तेव्हा गोष्ट "मी"ची असेल तर या चुका जास्त येणार हे धरून चला.

अनुस्वार

बरोबर आहे. मी स्वतः "तो किल्ली विसरला" असंच बोलतो, पण नियम लिहिताना कानाचं ऐकलं नाही. मग नियमाऐवजी त्या सात-आठ क्रियापदांची यादी भिंतीवर लावावी का?

जुनी वही

यादी लावा, पण त्या दिवसाच्या गोष्टीत लागतील तेवढीच, दोन किंवा तीन. गोष्ट लिहिताना कोणी भिंतीवरची यादी वाचत नाही.

ठिपका

एक शंका. शब्द "ओला" दिला आणि विद्यार्थ्याने "ओल्या" किंवा "ओली" लिहिलं तर तो शब्द वापरला असं धरायचं का? आमच्याकडे एकदा यावरून वाद झाला होता. एकाने "उशिरा" लिहिलं आणि शिक्षकांनी सांगितलं, शब्द उशीर होता.

जुनी वही

धरायचंच. उलट मला तेच हवं असतं. तीनपैकी एक शब्द तरी रूप बदलणारा असावा. उशीर, उशिरा, उशिराने यात "शी"ची "शि" होते हे विद्यार्थ्याला गोष्ट लिहितानाच एकदा अडखळून कळलं की ते पक्कं बसतं. "भिजलेला" लिहिलं तर मात्र ओला वापरला असं मी धरत नाही. तो वेगळा शब्द झाला.

पाटीपुस्तक

मग शरीरचं "शरिराला" का होत नाही? मुलीने हेच विचारलं होतं आणि मला सांगता आलं नाही.

अनुस्वार

शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्याचा दीर्घ तसाच राहतो, शरीराला. गरीब, उशीर हे तसे नाहीत, म्हणून गरिबाला, उशिराने. यात माझी खात्री आहे. पण मध्यम वर्गाला आत्ता सांगू नका, संस्कृत कोणतं आणि कोणतं नाही हे त्यांना कुठून कळणार?

काठपदर

पाच दिवसांनी परत येते आहे. त्या विद्यार्थ्याशी वर्ग संपल्यावर पंधरा मिनिटं बोलले. ती तीन शब्दांची वाक्यं हाताने झाकून पुढचं वाचायला लावलं. त्याने वाचलं, हात उचलून पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "काहीच गेलं नाही." त्याच्या गोष्टीतलंच वाक्य होतं ते. मग मी विचारलं, या दाराच्या किल्ल्या किती? तो म्हणाला, दोन. दुसरी कोणाकडे? तो जरा थांबला आणि म्हणाला, भावाकडे. त्यापुढे मी काही विचारलं नाही. घरून हे लिहून आणलं. मी फक्त तीन ठिकाणी क्रियापदाखाली रेघ ओढली, दुरुस्ती त्यानेच केली.

> घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. मी खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती. या दाराच्या दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे असते. दुसरी भावाकडे आहे, पण तो तीन वर्षं या घरी आला नव्हता.
>
> मी आत गेलो. कोपऱ्यात एक ओली छत्री होती. तिच्याखाली पाणी साचलं होतं. भाऊ खिडकीजवळ बसला होता. त्याने दिवासुद्धा लावला नव्हता.
>
> "कधी आलास?" मी विचारलं.
>
> "बराच वेळ झाला. बेल वाजवली. कोणी दार उघडलं नाही, मग किल्ली आठवली."
>
> त्याने किल्ली टेबलावर ठेवली. "ही द्यायला आलो होतो. मला आता तिचा काय उपयोग?"
>
> मी किल्ली बघितली. तिला अजून तोच लाल दोरा होता. तो आईने बांधला होता. माझ्या किल्लीचा दोरा कधीच तुटला.
>
> आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तो उठला.
>
> "उशीर झाला. निघतो."
>
> त्याने छत्री उचलली. छत्रीतून पाणी गळत होतं.
>
> "छत्री ओली आहे अजून," मी म्हणालो. "वाळेपर्यंत बस."
>
> त्याने छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली. मी दिवा लावला. किल्ली टेबलावरच होती.

परकी पाहुणी

मी हे मोठ्याने वाचलं. "वाळेपर्यंत बस" इथे मला थांबावं लागलं. सगळे शब्द मला येतात. एकही अवघड शब्द नाही. अशी गोष्ट मलाही लिहिता येईल असं पहिल्यांदा वाटलं.

जुनी वही

"ओला" हा शब्द दोनदा आला आणि दुसऱ्यांदा त्याचं काम बदललं, हे बघा. आधी छत्री ओली आहे म्हणून कोणीतरी घरात आहे हे कळतं. नंतर तीच छत्री ओली आहे म्हणून भावाला थांबवता येतं. "माफ कर", "राहा" असलं काही म्हणावं लागलं नाही. आणि "उशीर" भावाच्या तोंडी गेला, त्यामुळे तो घड्याळाचाही आहे आणि त्या तीन वर्षांचाही. आता कोणतंही एक वाक्य झाकून बघा, पुढचं अडतं.

लाल दोरा तर कुठल्याच यादीत नव्हता. तो त्याचा त्याने आणला.

ठिपका

गोष्ट आवडली, पण छत्रीचं पटत नाही. भाऊ बराच वेळ बसलाय म्हणतो. मग छत्रीतून पाणी गळेल कसं? एव्हाना ते सगळं खाली साचलेलं असणार.

अनुस्वार

मिटलेली छत्री तासाभरानेही ओलीच असते, घड्यांत पाणी राहतं. उचलली की थेंब पडतात.

ठिपका

थेंब पडतात, गळत नाही. "ओली होती" पुरेसं होतं.

काठपदर

हे मी त्याच्यावर सोडते. मला स्वतःला ते वाक्य हवंहवंसं वाटतं.

पाटीपुस्तक

मी मघा विषय समजून न घेता लिहिलं होतं. गोष्ट रात्री मुलीला वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, आणि मला त्याचं उत्तर सुचेना. भावाने किल्लीने दार उघडलं हे कळलं. पण आत आल्यावर त्याने ते लावून का नाही घेतलं? पहिल्या वाक्यात दार उघडंच आहे असं म्हटलंय ना?

जुनी वही

मुलीला शाबासकी सांगा. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. किल्लीने दार कसं उघडलं याचं उत्तर मिळालं, ते उघडं का राहिलं याचं मिळालं नाही. आणि दिलेल्या वाक्यातला सगळा जोर "उघडंच" मधल्या त्या "च"वर आहे. काठपदर, यावर त्याला काही सुचवू नका. मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत त्याच्यापर्यंत पोचवा.

अनुस्वार

इथे माझा थोडा विरोध आहे. किल्ल्या किती, दुसरी कोणाकडे, दार का लावलं नाही, असं विचारत गेलं तर गोष्ट विद्यार्थ्याची किती आणि विचारणाऱ्याची किती? चाळीस मिनिटांत त्याने एकट्याने जे लिहिलं ते त्याचं होतं, वाईट का असेना. वर्गात अकरा जण आहेत, प्रत्येकाला पंधरा मिनिटं कुठून देणार?

काठपदर

वेळेचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या वेळी जोड्या लावून पाहणार आहे. एकाने वाक्य झाकायचं, दुसऱ्याने वाचायचं आणि "कोणाचं?" एवढाच प्रश्न विचारायचा. जमेल की नाही माहीत नाही. गोष्ट कोणाची, यावर मात्र मला शंका नाही. भाऊ मी सुचवला नव्हता.

काठपदर

मुलीचा प्रश्न त्याला पाठवला. कालच्या वर्गाला त्याने दोन जागी भर घालून आणली. "किल्ली आठवली" नंतर हे आलंय:

> "मग दार का लावलं नाहीस?"
>
> "लावून कसं घेऊ? घर माझं थोडंच आहे."

आणि शेवट आता असा आहे:

> त्याने छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली. मी दिवा लावला. मग मी दाराकडे गेलो, पण दार त्यानेच लावलं.

"त्यानेच" त्याने स्वतः लिहिलं, चही त्याचाच. छत्री मात्र अजून गळते आहे. ठिपका, तुमचं म्हणणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी खूप पाऊस होता."